मशीनचा घसारा: एसएलएम की डब्ल्यूडीव्ही? नफ्यावर आणि करावर नेमका काय फरक पडतो

नवीन प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, पहिलं मोठं मशीन, आणि वर्षअखेरीला अकाउंटंटचा प्रश्न: "घसारा एसएलएमने घ्यायचा की डब्ल्यूडीव्हीने?" एसएलएम म्हणजे दरवर्षी सारखाच घसारा, डब्ल्यूडीव्ही म्हणजे दरवर्षी उरलेल्या शिलकीवर ठरावीक टक्के. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: "ज्यात टॅक्स कमी बसेल त्याने." गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण एकाच मशीनचा घसारा दोनदा काढला जातो. एकदा कंपनी कायद्याप्रमाणे, ताळेबंदासाठी, आणि एकदा आयकर कायद्याप्रमाणे, रिटर्नसाठी. पद्धत निवडायची मुभा पहिल्यात आहे. दुसऱ्यात सरकारने डब्ल्यूडीव्ही ठरवूनच दिली आहे. वीजनिर्मिती करणाऱ्या उद्योगांना तेवढा एसएलएमचा पर्याय आहे. म्हणून पुस्तकात पद्धत बदलली की दाखवलेला नफा बदलतो, पण भरायचा कर सहसा जागचा हलत नाही. "सहसा" म्हणायचं कारण पायरी ५ मध्ये आहे. पुष्कळ छोट्या कंपन्यांना ते माहीत नसतं.

पूर्ण लेखात एकच उदाहरण घेतलं आहे. भोसरी एमआयडीसीत जॉबवर्क करणारी छोटी कंपनी आहे. तिने स्वतःच्या पैशातून नवीन व्हीएमसी, म्हणजे धातू कापणारं संगणकचलित मशीन, घेतलं आणि ते १ एप्रिल २०२४ला चालू झालं. घसारा आणि कर धरण्याआधीचा नफा दरवर्षी २०,००,००० रुपये मानला आहे. नियम आर्थिक वर्ष २०२४-२५चे, म्हणजे १९६१च्या आयकर कायद्याचे आहेत. १ एप्रिल २०२६पासून २०२५चा नवा आयकर कायदा लागू आहे, त्यामुळे त्यानंतरच्या वर्षासाठी कलमांचे क्रमांक आणि कराचे दर त्या वर्षाचे पाहून घ्या. दर बदलले तरी घसाऱ्याच्या हिशेबाची रीत हीच राहते. कराची रक्कम रिटर्नमध्ये दहाच्या पटीत होते, इथे ती तशी केलेली नाही.

हाताशी काय लागेल

- मशीनचं टॅक्स इन्व्हॉइस, वाहतुकीची बिल्टी आणि ई-वे बिल
- क्रेन, फाउंडेशन, वायरिंग, कमिशनिंग यांची बिलं
- इन्स्टॉलेशन रिपोर्ट, आणि पहिल्या जॉबचं जॉब कार्ड किंवा प्रॉडक्शन रजिस्टरचं पान
- पेमेंटचे बँक पुरावे
- फिक्स्ड असेट रजिस्टर (एक्सेल शीट चालेल, पण प्रत्येक मशीनची वेगळी ओळ हवी)
- मागच्या वर्षीचा टॅक्स ऑडिट रिपोर्ट, फॉर्म ३सीडी. त्याच्या १८व्या मुद्द्यात घसाऱ्याच्या ब्लॉकची, म्हणजे एकाच दराच्या मालमत्तांच्या गटाची, शिल्लक मिळते.

## १. आधी मशीनची किंमत ठरवा

इन्व्हॉइसवरचा शेवटचा आकडा म्हणजे मशीनची किंमत नव्हे. मशीन जागेवर येऊन चालू होईपर्यंत झालेला खर्च त्यात मिळवायचा असतो. आपल्या उदाहरणात मशीन २८,२०,००० रुपयांचं, वाहतूक आणि क्रेनने उतरवणं ७०,०००, फाउंडेशन, वायरिंग आणि कमिशनिंग १,१०,०००. एकूण ३०,००,०००. फाउंडेशनचं बिल सिव्हिल कॉन्ट्रॅक्टरचं असतं, म्हणून अकाउंटंट ते सवयीने इमारतीच्या खात्यात टाकतो. पण ते फाउंडेशन त्या मशीनसाठीच घातलेलं असेल तर तो मशीनचाच भाग. मशीनसोबत घेतलेले इन्सर्ट आणि कटर मात्र वापरून संपणारी वस्तू आहेत, ती चालू खर्चात जातात.

इथे दोन चुका नेहमी सापडतात.

पहिली जीएसटीची. २८,२०,०००वर १८ टक्क्यांनी ५,०७,६०० रुपये जीएसटी लागला. त्याचं इनपुट क्रेडिट घेतलं असेल तर ती रक्कम मशीनच्या किमतीत धरता येत नाही. धरून घसारा काढलात तर सीजीएसटी कायद्याच्या कलम १६(३)प्रमाणे ते क्रेडिटच मिळत नाही. दोन्हीकडून फायदा घेतला की जीएसटी ऑडिटमध्ये क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. तपासणी सोपी आहे: असेट रजिस्टरमधली किंमत आणि इन्व्हॉइसची करपूर्व किंमत शेजारी ठेवून पाहा.

दुसरी रोखीची. क्रेनवाल्याला किंवा फाउंडेशनच्या मिस्त्रीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिले तर आयकराच्या हिशेबात तो खर्च मशीनच्या किमतीत धरला जात नाही. पुस्तकात तो राहतो, करात गळतो, आणि मग दोन्हीकडच्या किमती कायमच्या जुळेनाशा होतात.

मशीन कर्जावर घेतलं असेल तर एवढं लक्षात ठेवा, की मशीन वापरात आल्यानंतरचं व्याज किमतीत घालायचं नाही, ते त्या वर्षाचा खर्च आहे. वापरात येण्याआधीच्या व्याजाला पुस्तकात आणि करात वेगवेगळे नियम आहेत. तो भाग सीएकडून लिहून घ्या.

## २. आयुष्य आणि अवशिष्ट किंमत

कंपनी कायदा २०१३च्या शेड्यूल २मध्ये सर्वसाधारण यंत्रसामग्रीचं आयुष्य १५ वर्षं दिलं आहे. अवशिष्ट किंमत, म्हणजे आयुष्य संपल्यावर मशीनचे येतील ते पैसे, मूळ किमतीच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त धरू नये अशी अपेक्षा आहे. वेगळं आयुष्य किंवा जास्त अवशिष्ट किंमत धरता येते, पण मग तांत्रिक सल्ल्याचा आधार लागतो आणि टिपणीत ते सांगावं लागतं. आपल्या मशीनला ५ टक्के, म्हणजे १,५०,००० रुपये.

शिफ्टकडे दुर्लक्ष करू नका. शेड्यूलमधली १५ वर्षं एका शिफ्टची आहेत. मशीन दोन शिफ्ट चाललं तर त्या काळासाठी घसारा ५० टक्क्यांनी वाढतो, तीन शिफ्टला १०० टक्क्यांनी. वर्षभर दोन शिफ्ट चाललेल्या आपल्या व्हीएमसीचा एसएलएम घसारा १,९०,०००ऐवजी २,८५,००० होईल. आयकरात शिफ्टचा काही संबंध नाही. ऑडिटर हजेरीपत्रक किंवा वीजबिल पाहून दोन शिफ्ट ओळखतो, त्यामुळे शिफ्टचा तपशील आधीच लिहून ठेवा.

## ३. दोन्ही पद्धतींचे दर काढा

एसएलएममध्ये किमतीतून अवशिष्ट किंमत वजा करून आयुष्याने भागायचं: २८,५०,००० भागिले १५, म्हणजे दरवर्षी १,९०,०००. मूळ किमतीवर हा दर ६.३३ टक्के पडतो.

डब्ल्यूडीव्हीमध्ये दर असा हवा, की दरवर्षी उरलेल्या शिलकीवर तो लावत गेल्यावर १५व्या वर्षाअखेर १,५०,०००च उरावेत. एक्सेलमध्ये:

```
=SLN(3000000,150000,15)
=1-(150000/3000000)^(1/15)
=DB(3000000,150000,15,1)
```

पहिल्या ओळीत 190000 येतं. दुसऱ्या ओळीत दर मिळतो, १८.१० टक्के. तिसऱ्या ओळीत पहिल्या वर्षाचा घसारा येतो, 543000. पुढच्या वर्षांसाठी शेवटचा 1 बदलून 2, 3 असं टाकत जा. `DB` दर तीन दशांश स्थळांपर्यंतच धरतं, म्हणून शेवटच्या वर्षी काही रुपये इकडेतिकडे होतात. `DDB` वापरू नका. ते एसएलएमच्या दुप्पट दराने चालतं, या मशीनला १३.३३ टक्के, आणि तो शेड्यूल २मधून निघणारा दर नव्हे.

अवशिष्ट किंमत शून्य टाकली तर दुसऱ्या सूत्रात दर १०० टक्के येतो. शीटमध्ये पहिल्याच वर्षी मशीन शून्यावर आलं असेल तर बहुधा तो रकाना रिकामा राहिलेला असतो.

आयकराचा दर वेगळा: यंत्रसामग्रीच्या सर्वसाधारण ब्लॉकला १५ टक्के, उरलेल्या शिलकीवर. तिथे ना आयुष्य, ना अवशिष्ट किंमत. आता तिन्ही शेजारी ठेवू.

| वर्ष | पुस्तकात एसएलएम | पुस्तकात डब्ल्यूडीव्ही | आयकरात |
|---|---|---|---|
| १ | १,९०,००० | ५,४३,००० | ४,५०,००० |
| २ | १,९०,००० | ४,४४,७१७ | ३,८२,५०० |
| ३ | १,९०,००० | ३,६४,२२३ | ३,२५,१२५ |
| ४ | १,९०,००० | २,९८,२९९ | २,७६,३५६ |
| ५ | १,९०,००० | २,४४,३०७ | २,३४,९०३ |
| ६ | १,९०,००० | २,००,०८७ | १,९९,६६७ |
| ७ | १,९०,००० | १,६३,८७१ | १,६९,७१७ |

सातव्या वर्षी डब्ल्यूडीव्हीचा घसारा एसएलएमच्या खाली जातो. पहिली सहा वर्षं एसएलएम जास्त नफा दाखवतं, पुढची नऊ वर्षं कमी. पंधरा वर्षांची बेरीज दोन्हीकडे २८,५०,०००च येते.

## ४. पहिल्या वर्षाचा नफा आणि कर मांडा

आधी साधी परिस्थिती घेऊ. कंपनीने काही सवलती सोडून कमी दराने कर भरायचं कलम ११५बीएए स्वीकारलं आहे, म्हणजे अधिभार आणि उपकर धरून कराचा दर २५.१६८ टक्के.

पुस्तकात एसएलएम असेल तर करपूर्व नफा १८,१०,०००. डब्ल्यूडीव्ही असेल तर १४,५७,०००. साडेतीन लाखांचा फरक, आणि मशीन तेच, काम तेच.

रिटर्नमध्ये दोन्हीकडे सुरुवात वेगळी होते, पण शेवट एकच. पुस्तकातल्या नफ्यात पुस्तकातला घसारा परत मिळवायचा, की दोन्हीकडे २०,००,००० होतात. मग आयकराचा घसारा ४,५०,००० वजा करायचा. करपात्र उत्पन्न १५,५०,०००, कर ३,९०,१०४. पुस्तकात कोणतीही पद्धत असली तरी हाच कर.

परत मिळवायची ही पायरी राहिली तर दोन्ही घसारे वजा होतात आणि उत्पन्न कमी दिसतं. मागच्या वर्षाचं रिटर्न उघडून पाहा: पुस्तकातला घसारा आधी मिळवला गेला आहे ना, आणि नंतर यंत्रसामग्रीच्या घसाऱ्याच्या शेड्यूलमधला आकडा वजा झाला आहे ना? छोट्या कंपन्यांच्या रिटर्नमध्ये ही चूक दिसते.

आता डिफर्ड टॅक्स. नवख्यांना हे खातं उगाच घातलेलं वाटतं, पण इथे त्याचं काम स्पष्ट दिसतं. एसएलएममध्ये वर्षाअखेर पुस्तकात मशीन २८,१०,०००ला आहे, आयकरात २५,५०,०००ला. करात २,६०,००० रुपयांचा घसारा आधीच वापरून झाला, तो पुढे मिळणार नाही. त्यावरचा २५.१६८ टक्के कर, ६५,४३७ रुपये, पुढच्या वर्षांवर चढतो. म्हणून तो आजच डिफर्ड टॅक्स दायित्व म्हणून दाखवायचा. करोत्तर नफा १८,१०,००० वजा ३,९०,१०४ वजा ६५,४३७, म्हणजे १३,५४,४५९.

डब्ल्यूडीव्हीमध्ये उलटं होतं. पुस्तकातला घसारा करातल्यापेक्षा ९३,०००ने जास्त, त्यामुळे २३,४०६ रुपयांची डिफर्ड टॅक्स मालमत्ता तयार होते. पुढे पुरेसा नफा होईल याची वाजवी खात्री असेल तरच ती दाखवता येते. करोत्तर नफा १०,९०,३०२.

आकडे बरोबर आले का हे पाहायची सोपी रीत आहे. करपूर्व नफ्याला ०.७४८३२ने गुणा, दोन्हीकडे हेच करोत्तर आकडे आले पाहिजेत. नाही आले तर डिफर्ड टॅक्सची नोंद चुकली आहे किंवा झालीच नाही.

बँकेपुढे जाताना याचा अर्थ काय? एसएलएमने पहिल्या वर्षी करोत्तर नफा २,६४,००० रुपयांनी जास्त दिसतो आणि नेटवर्थही तेवढाच. पण कर्जफेडीची क्षमता पाहताना बँकेचा अधिकारी नफ्यात घसारा परत मिळवतो. डिफर्ड टॅक्सही रोखीचा खर्च नसल्यामुळे बाजूला काढला, की हातात येणारा पैसा दोन्हीकडे तेवढाच निघतो. एसएलएमचा फायदा होतो तो नेटवर्थवर ठरणाऱ्या गुणोत्तरांत. फक्त चांगला डीएससीआर, म्हणजे कर्जफेडीच्या क्षमतेचं गुणोत्तर, दाखवण्यासाठी पद्धत बदलायला निघाला असाल तर त्यातून काही हाती लागणार नाही.

## ५. मॅट तपासा: इथे पद्धत खरंच कर बदलते

आता दुसरी परिस्थिती. कंपनीने ११५बीएए घेतलेलं नाही आणि ती २५ टक्क्यांच्या दरात बसते. उपकर धरून २६ टक्के. हा रस्ता घेण्याचं कारण बहुधा अतिरिक्त घसारा असतो. उत्पादन करणाऱ्याने नवीन यंत्र घेतलं तर पहिल्या वर्षी आणखी २० टक्के मिळतात. सेकंडहँड मशीनला, ऑफिसच्या उपकरणांना आणि वाहनांना तो नाही. ११५बीएए घेतलेल्या कंपनीलाही नाही.

पहिल्या वर्षी आयकरातला घसारा ३५ टक्के झाला, १०,५०,०००. करपात्र उत्पन्न ९,५०,००० आणि कर २,४७,०००. मालक खूश.

पण अशा कंपनीला मॅट, म्हणजे किमान पर्यायी कर, लागू असतो. तो पुस्तकातल्या नफ्यावर बसतो, १५ टक्के आणि उपकर, मिळून १५.६ टक्के. नेहमीचा कर आणि मॅट यांतला जो जास्त, तो भरायचा.

पुस्तकात एसएलएम असेल तर मॅट १८,१०,०००वर, २,८२,३६०. तो २,४७,०००पेक्षा जास्त आहे, म्हणून २,८२,३६० भरावे लागतील. डब्ल्यूडीव्ही असेल तर मॅट १४,५७,०००वर, २,२७,२९२. तो कमी, म्हणून नेहमीचा कर २,४७,०००च भरायचा. पुस्तकातल्या पद्धतीमुळे पहिल्या वर्षीच ३५,३६० रुपयांचा फरक पडला.

हे पैसे बुडत नाहीत. २०२४-२५च्या नियमाप्रमाणे जादा भरलेला मॅट क्रेडिट म्हणून १५ वर्षं पुढे नेता येत होता. दुसऱ्या वर्षी करातली शिल्लक १९,५०,०००, घसारा २,९२,५००, करपात्र उत्पन्न १७,०७,५००, कर ४,४३,९५०. मॅट पुन्हा २,८२,३६०, म्हणजे आता नेहमीचा कर जास्त आहे. म्हणून ३५,३६०चं क्रेडिट वापरून ४,०८,५९० भरले की झालं. दोन वर्षांची बेरीज दोन्ही पद्धतींत ६,९०,९५०च येते. एसएलएममुळे ३५ हजार एक वर्ष आधी द्यावे लागले, इतकंच.

बुडत होते ते पुढच्या एका निर्णयाने. क्रेडिट शिल्लक असताना कंपनीने फॉर्म १०-आयसी भरून ११५बीएए स्वीकारलं तर त्या वेळच्या नियमाप्रमाणे ते क्रेडिट वापरता येत नव्हतं, आणि हा पर्याय एकदा घेतला की परत फिरता येत नाही. मॅटचे नियम बदलत राहतात, म्हणून क्रेडिटचा हिशेब ज्या वर्षाचा करताय त्या वर्षाच्या कायद्यावरून पडताळून घ्या.

काहींना वाटतं, ताळेबंद एसएलएमने बनवू आणि मॅटचा हिशेब तेवढा डब्ल्यूडीव्हीने काढू. कलम ११५जेबीमध्येच लिहिलं आहे, की सर्वसाधारण सभेपुढे ठेवलेल्या हिशेबात घसाऱ्याची जी पद्धत आणि जे दर होते, तेच इथे वापरायचे. प्रोप्रायटर आणि भागीदारी संस्थांना मॅट नसतो, त्यांनी ही पायरी सोडून द्यावी.

## ६. वापरात आल्याची तारीख पक्की करा

आयकरात मशीन त्या वर्षी १८०पेक्षा कमी दिवस वापरात असेल तर घसारा निम्मा मिळतो. पुस्तकात मात्र नेमके दिवस मोजतात.

समजा आपलं व्हीएमसी १५ नोव्हेंबर २०२४ला चालू झालं. मार्चअखेर १३७ दिवस. पुस्तकात एसएलएम ७१,३१५ किंवा डब्ल्यूडीव्ही २,०३,८११. आयकरात साडेसात टक्के, २,२५,०००. अतिरिक्त घसारा असेल तर तोही निम्मा, ३,००,०००, आणि राहिलेले ३,००,००० पुढच्या वर्षी मिळतात. ही उरलेली निम्मी रक्कम पुढच्या वर्षी मागायला लोक विसरतात, कारण ती ब्लॉकच्या शिलकीतून आपोआप निघत नाही. असेट रजिस्टरमध्ये मशीनसमोर तशी नोंद करून ठेवा.

सीमारेषा ३ ऑक्टोबर. त्या दिवशी मशीन चालू झालं तर ३१ मार्चपर्यंत बरोबर १८० दिवस भरतात आणि पूर्ण दर मिळतो. ज्या आर्थिक वर्षात २९ फेब्रुवारी येतो, त्यात ४ ऑक्टोबर चालतो. मशीन मार्चमध्ये घेतलं पण एप्रिलमध्ये चालू झालं, तर पहिल्या वर्षी काहीच नाही आणि दुसऱ्या वर्षी पूर्ण दर.

तारीख इन्व्हॉइसची धरत नाहीत, वापराची धरतात. इन्व्हॉइस २५ सप्टेंबरचं, पण इन्स्टॉलेशन रिपोर्ट २० ऑक्टोबरचा, असं असेल तर निम्माच दर. तपासणीत जॉब कार्ड मागतात, तेव्हा पहिल्या जॉबचं कार्ड तारखेसह जपून ठेवा.

## ७. पद्धत बदलायची असेल तर

पुस्तकातली पद्धत मशीनचा उपयोग ज्या रीतीने होतो त्याच्याशी जुळायला हवी, असं लेखामानक १० सांगतं. रोज साधारण तेवढाच माल काढणाऱ्या जॉबवर्क मशीनला आमच्या मते एसएलएम जास्त पटतं. जिथे पहिल्या काही वर्षांतच काम भरपूर आणि मग मशीन मागे पडतं, तिथे डब्ल्यूडीव्ही. मॅट वाचवणं हे पद्धत बदलण्याचं कारण म्हणून ऑडिटरला दाखवता येत नाही, त्याला वापरातला बदल दिसावा लागतो.

पूर्वी पद्धत बदलली की पहिल्या दिवसापासूनचा घसारा नव्याने काढून फरक एकदम दाखवत असत. जुन्या पुस्तकांत आणि क्लासच्या नोट्समध्ये अजून तेच आहे. २०१६च्या सुधारित लेखामानकानंतर हा अंदाजातला बदल मानतात आणि तो फक्त पुढच्या काळाला लागू होतो. तिसऱ्या वर्षाअखेर डब्ल्यूडीव्हीवरून एसएलएमवर आलो तर १६,४८,०६०मधून १,५०,००० वजा करून उरलेल्या १२ वर्षांनी भागायचं: दरवर्षी १,२४,८३८. मागच्या तीन वर्षांना हात लावायचा नाही. बदल आणि त्याचा त्या वर्षीच्या नफ्यावरचा परिणाम टिपणीत लिहायचा. आयकराच्या घसाऱ्यात काहीच बदलत नाही.

तोट्याच्या वर्षी "यंदा घसारा नको, नफा दाखवू" असं काहीजण म्हणतात. आयकरात घसारा मागितला नाही तरी तो दिला असंच धरून शिल्लक कमी होते, त्यामुळे तो सोडून काही मिळत नाही. न वापरता आलेला घसारा पुढे कितीही वर्षं नेता येतो. पुस्तकातही घसारा न लावता लाभांश वाटता येत नाही, आणि ऑडिटर त्यावर शेरा मारतो.

## ८. मशीन विकताना

पद्धतीचा परिणाम सर्वांत ठळक इथे दिसतो. चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला व्हीएमसी १८,००,०००ला विकलं असं धरा.

एसएलएमच्या पुस्तकात त्याची शिल्लक २४,३०,०००, म्हणून ६,३०,००० तोटा. डब्ल्यूडीव्हीच्या पुस्तकात शिल्लक १६,४८,०६०, म्हणून १,५१,९४० नफा. एसएलएमने तीन वर्षं वाढीव दाखवलेला नफा एका फटक्यात उलटला. जुनं मशीन काही वर्षांत बदलायचंच असेल तर १५ वर्षांचं आयुष्य धरणं चूक आहे. तांत्रिक सल्ल्याने कमी आयुष्य धरलं असतं तर हा धक्का बसला नसता.

आयकरात एकेका मशीनचा नफातोटा नसतो, पूर्ण ब्लॉक असतो. १५ टक्क्यांच्या ब्लॉकमध्ये दुसरी मशीनं असतील तर विक्रीचे १८,००,००० ब्लॉकच्या शिलकीतून वजा होतात आणि उरलेल्यावर घसारा चालू राहतो. पुस्तकातला तोटा किंवा नफा रिटर्नमध्ये उलटवायचा, हे विसरू नका.

ब्लॉकमध्ये हे एकच मशीन असेल तर ब्लॉक रिकामा होतो. करातली शिल्लक १८,४२,३७५, मिळाले १८,००,०००. उरलेले ४२,३७५ रुपये घसारा म्हणून मिळत नाहीत, ते अल्पकालीन भांडवली तोटा होतात. तो फक्त भांडवली नफ्यातूनच वळता होतो, धंद्याच्या नफ्यातून नाही, आणि आठ वर्षांत वापरला नाही तर संपतो. त्यामुळे एकुलतं एक मशीन विकून नवीन घ्यायचं असेल तर नवीन मशीन त्याच आर्थिक वर्षात घ्या. जुनं मार्चमध्ये विकलं आणि नवीन एप्रिलमध्ये आलं, तर मधल्या ३१ मार्चला ब्लॉक रिकामा ठरतो.